‘छान वाटलं’ म्हणजे नक्की काय?

पूर्वी मुलगी पाहायला आलेली मंडळी जाताना एकच शब्द मागे ठेवून जायची. ‘कळवतो.’ पोह्यांच्या बशा विसळून व्हायच्या, शेजारणी येऊन चौकशा करून जायच्या आणि मग पत्राची वाट बघणं सुरू व्हायचं. आठ-पंधरा दिवसांनी कार्ड यायचं, ‘पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.’ पत्रिका आधीच जुळवून मग पाहायला आलेली माणसंसुद्धा हेच लिहायची! ते खरं कारण नव्हे, हे घरात सगळ्यांना कळायचं. खरं कारण विचारायची मात्र पद्धत नव्हती. आणि जिनं पोह्यांचा ट्रे बाहेर नेलेला असायचा, तिला तर काहीच विचारायची सोय नव्हती. उत्तर यायचं ते वडिलांच्या नावानं.

आता दिवस बदललेत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातसुद्धा ‘ब्लाइंड डेट’ हा शब्द येऊन पोचलाय. ऐकायला तो सिनेमातला वाटतो, पण गोष्ट साधी आहे. दोन माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण एक तिसरं माणूस दोघांनाही ओळखतं. ते म्हणतं, ‘तुम्ही दोघं एकदा भेटा तर खरं.’ आईवडील नाहीत, पोहे नाहीत, पत्रिका नाही. एखाद्या हॉटेलात बसून चहा-कॉफी घ्यायची, तासभर बोलायचं. म्हटलं तर ही आंधळी कोशिंबीरच. हल्ली फोटो आधी मोबाइलवर बघून झालेला असतो, एवढीच डोळ्यांवरची पट्टी सैल. चाळिशीकडे झुकलेल्या, घटस्फोटित, विधवा बायकांना ही पद्धत खरोखर सोयीची पडते. पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा करायचा म्हटलं, की त्यांच्या अंगावर काटा येतो.

पण मैत्रिणींनो, या नव्या पद्धतीत ‘कळवतो’चं काय झालं? ते गेलं नाही, त्याचं ‘छान वाटलं’ झालं. आणि हे ‘छान वाटलं’ कळवणारी असते आपलीच मैत्रीण.

आमच्या गावातल्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस बसते. तिथं ओळख झालेल्या एका मुलीची ही गोष्ट आहे. (चौतिशीच्या बाईला मी मुलगी म्हणतेय, माझ्या वयाला ते शोभतं.) तिला आपण वैशाली म्हणू. तिच्या परवानगीनं लिहितेय, नावं मात्र सगळी बदललेली आहेत. वैशाली शाळेत शिक्षिका आहे. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, आठ वर्षांचा मुलगा आहे. तिची कॉलेजातली मैत्रीण मेघना सांगलीला असते. मेघनाच्या नवऱ्याच्या, नितीनच्या, ऑफिसात एक गृहस्थ आहेत, चाळिशीचे. त्यांचंही पहिलं लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. मेघनानं दोघांना एकमेकांविषयी थोडं थोडं सांगितलं आणि एका रविवारी दुपारी सांगलीत भेट ठरवून दिली.

भेट झाली. दीड तास बोलले दोघं. वैशाली घरी आली ती जरा हवेतच. आणि त्याच रात्री तिनं मेघनाला मेसेज टाकला, ‘काय गं, काय म्हणाले ते? कसं वाटलं त्यांना? खरं खरं सांग हं, मला अजिबात वाईट वाटणार नाही!’

दहा मिनिटांत उत्तर. ‘अगं छान वाटलं त्यांना!’ पुढे दोन हसरे चेहरे.

मग आठ दिवस काही नाही. त्या गृहस्थांचा फोन नाही, मेघनाचाही नाही. नवव्या दिवशी वैशाली केंद्रात आली, तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एक मेसेज लिहून तयार होता, पाठवायचा राहिलेला. ‘आठ दिवस झाले. नाही म्हणायचं असेल तर सरळ सांगायचं ना. मला काही त्यांच्यावाचून अडलेलं नाही.’

“पाठवू का ताई?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हा मेसेज कुणासाठी आहे? त्यांच्यावरचा राग मेघनावर निघतोय. आणि उत्तर काय येणार? ‘अगं असं काही नाही, ते कामात आहेत.’ म्हणजे परत तिथंच.

त्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. पहिल्या मेसेजला खरं उत्तर का मिळालं नाही, इथून सुरुवात केली.

एक तर तो भेटीच्या रात्रीच गेला होता. तोवर मेघनाचं किंवा नितीनचं त्या गृहस्थांशी धड बोलणंच झालेलं नसणार. झालं असलं तरी ‘हो, छान झाली भेट’ एवढंच. माणसाला स्वतःला काय वाटतंय हे कळायलाही एक-दोन दिवस लागतात. शिवाय इतक्या लगेच विचारलं, की मैत्रीण बिचारी तिकडे फोन करणार, ‘अहो, ती विचारतेय, सांगा ना काहीतरी!’ समोरच्याला कोंडीत पकडल्यासारखं होतं आणि तो शिष्टाचाराचं उत्तर देऊन सुटका करून घेतो. माझं मत विचाराल, तर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. आठवडा उलटला तरी हरकत नाही. पण त्याच रात्री नको.

दुसरं म्हणजे प्रश्नच असा होता, की त्याला ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘कसं वाटलं?’ म्हणजे आपण भाजी वाढून ‘कशी झालीय?’ विचारतो तसं. पाहुणा काय सांगणार? ‘मीठ कमी झालंय का?’ असं विचारलं, तर निदान तो चव घेऊन सांगतो.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ‘खरं सांग, मला वाईट वाटणार नाही’ हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. वाईट तर वाटणारच! मैत्रिणीला ते माहीत असतं. तिची बाजू जरा बघा. एकीकडे तिची वीस वर्षांची मैत्रीण, दुसरीकडे नवऱ्याचा रोज भेटणारा सहकारी. स्थळ तिनंच सुचवलेलं, त्यामुळे बिनसलं तर दोष आपल्यावर येईल ही धाकधूक. अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही, अर्धं बोलतं. गोड अर्धा भाग पुढे करतं आणि कडू अर्धा पदराखाली ठेवतं.

हा काही मेघनाचा एकटीचा स्वभाव नाही बरं का. सिडनी रोझन आणि अब्राहम टेसर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एखाद्यासाठी फोनवर निरोप आलाय आणि तो तुम्ही त्याला द्यायचाय, अशी मांडणी. काहींच्या हातात चांगली बातमी दिली, काहींच्या हातात वाईट. चांगली बातमी लोकांनी बहुतेक वेळा पूर्ण सांगितली. वाईट असली, की ‘तुला घरून फोन आला होता’ एवढं सांगून बातमी काय ते गिळून टाकण्याकडे कल दिसला. निरोप्याचा दोष काहीच नसतो, तरी वाईट निरोप त्याच्या जिभेवर अडतो. आपल्या मैत्रिणीचं हेच होतं.

वैशालीच्या मनात मात्र दुसरंच चाललेलं. आठ दिवसांच्या शांततेचा अर्थ तिनं लावून टाकला होता. “मी जास्त बोलले असणार. शाळेचं काय काय सांगत बसले. त्यांना कंटाळा आला असेल.” मी तिला म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? सांगितलं कुणीच नव्हतं. तिनं स्वतःच ठरवलं होतं.

याचाही अभ्यास झालेला आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना काही मिनिटं गप्पा मारायला लावल्या. नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, ‘समोरचा तुम्हाला किती आवडला?’ आणि ‘तुम्ही त्याला किती आवडला असाल असं वाटतं?’ सरासरी बघितली तर माणसं स्वतःविषयी कमीच अंदाज करत होती. समोरच्याला ती त्यांना वाटलं त्यापेक्षा जास्त आवडलेली होती. आता गप्पा आवडणं आणि जन्माची सोबत हवीशी वाटणं यात फरक आहे, तो अभ्यास काही लग्नाच्या भेटींवरचा नव्हता. पण पहिल्या भेटीनंतर आपला स्वतःविषयीचा अंदाज किती भरवशाचा, एवढं त्यावरून कळतं. घरी बसून अंदाज करत राहण्यापेक्षा विचारणं बरं, ते यासाठी.

मग विचारायचं कसं? फोनवर की लिहून? वैशालीचं म्हणणं, फोनच करते, सरळ बोलते. मी म्हटलं, फोनवर मेघनाला त्या क्षणी उत्तर द्यावं लागेल. कुकरची शिट्टी होत असेल, नवरा शेजारी बसला असेल, आणि तोंडातून परत ‘छानच गं’ निघून जाईल. लिहिलेला मेसेज ती दोनदा वाचेल, रात्री विचार करेल, मग उत्तर देईल. लिहिण्यात धोका एवढाच, की लिहिलेलं दुसऱ्याला दाखवता येतं. मेघना नितीनला दाखवेल, नितीन कदाचित त्या गृहस्थांनाही दाखवेल. मागाहून पुसून टाकला, तरी तिनं त्याआधी वाचलेला असतो, आणि पुसल्याची खूण राहते ती राहतेच. म्हणून मी तिला एक कसोटी सांगितली. हा मेसेज उद्या त्या गृहस्थांनी स्वतः वाचला, तर तुला मान खाली घालावी लागेल का? लागणार असेल तर ते वाक्य काढून टाक.

आम्ही लिहायला बसलो. सुरुवात कशानं करायची यावर अडलो. वैशालीला आधी प्रश्न विचारायचा होता. मला वाटत होतं, आधी तिनं स्वतःचं सांगावं. आपण पत्ते झाकून ठेवायचे आणि दुसऱ्याचे उघडायला सांगायचे, हे बरं नाही. शिवाय मैत्रिणीलाही कळायला हवं, की हिला काय वाटतंय. पण इथं हात जरा आखडता हवा. ‘मला ते खूप आवडले, त्यांच्यासारखं माणूस मिळणार नाही’ असं लिहिलं, तर मेघनाची जीभ आणखीच अडेल. जेवढं खरं तेवढंच लिहायचं. वैशालीला खरं काय वाटत होतं? तिला त्यांच्याशी बोलायला मोकळं वाटलं होतं आणि पुन्हा एकदा भेटावंसं वाटत होतं. त्याच्यापुढचं तिलाही माहीत नव्हतं.

चार वेळा खोडून शेवटी जो मेसेज गेला, तो असा:

‘मेघना, रविवारची भेट तू जुळवून आणलीस, त्यासाठी आधी थँक्यू. माझ्या बाजूनं सांगते. मला त्यांच्याशी बोलायला मोकळं वाटलं. पुन्हा एकदा भेटायला आवडेल. त्यापुढचं मी काहीच ठरवलेलं नाही. भेटीनंतर ते तुझ्याशी किंवा नितीनशी काय बोलले, ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत मला सांगशील का? काही खटकलं असेल तर तेही सांग, माझ्या वागण्यातलं असो नाहीतर माझ्या परिस्थितीतलं. तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. त्यांना विचारलंस तरी चालेल, पण आडून नको, वैशालीनं विचारलंय असं सांगून विचार. आणि सांगणं अवघड वाटत असेल, तर नुसतं “पुढे नको” एवढं लिही. मी कारण विचारणार नाही. वाईट वाटलं तर दोन दिवस वाटेल, पण तुझ्यावर राग धरणार नाही. शनिवारपर्यंत सांगितलंस तरी चालेल.’

यात काही वाक्यं मुद्दाम घातली आहेत. ‘त्यांच्याच शब्दांत’ का? कारण बातमी तीन तोंडांतून येणार होती. ते गृहस्थ नितीनला सांगणार, नितीन मेघनाला, मेघना वैशालीला. प्रत्येक ठिकाणी तिला थोडा गुळाचा हात लागणार. मूळ शब्द मागितले, की सांगणाऱ्याला आठवावं लागतं आणि आठवताना गूळ कमी पडतो. ‘परिस्थितीतलं’ हा शब्द वैशालीनं स्वतःहून घातला. मुलाचा विषय तिच्या मनात होता, पण नाव घेऊन विचारायचा धीर होत नव्हता. आणि ‘मला वाईट वाटणार नाही’ऐवजी ‘दोन दिवस वाटेल’ लिहिलं, कारण ते खरं होतं. ‘पुढे नको’ ही पळवाट तर हवीच. नकार द्यायला दोन शब्द पुरतात असं दिसलं, की उलट मैत्रिणी चार वाक्यं लिहितात, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही विचारली नाही. ‘माझं काय चुकलं?’ हे वैशालीच्या दुसऱ्या खर्ड्यात होतं, ते काढायला लावलं. ही काही परीक्षा नव्हे, की उत्तरपत्रिका मागवायची. असं विचारलं, की समोरचा काहीतरी चूक शोधून देतो, ‘तू जरा कमी बोलायला हवं होतंस’ वगैरे, आणि ते बाईच्या डोक्यात वर्षभर राहतं. त्यांना काय वाटलं हे विचारावं. आपल्याला किती मार्क पडले हे विचारू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघनाचं उत्तर आलं. वैशालीनं मला ते वाचून दाखवलं.

‘खरं सांगू? मी तुला अर्धंच सांगितलं होतं. सोमवारी ते नितीनला म्हणाले, “बाई चांगल्या आहेत, बोलणं सरळ आहे. शाळेतल्या त्या पावसाच्या गमतीवर मी घरी येऊनही हसलो. पण शेवटी शेवटी त्या सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. मला वाटलं, कधी एकदा सुटते असं त्यांना झालंय.” आणि मग मुलाचं निघालं. म्हणाले, “मुलगा आहे हे माहीतच होतं. पण त्या त्याच्याविषयी बोलायला लागल्या तेव्हा मला भीती वाटली. आपल्याला हे जमेल का, कळत नाही.” हे तुला कसं सांगू तेच समजेना. नितीन म्हणाला, कशाला सांगतेस, त्यांचा विचार चाललाय ना. म्हणून गप्प बसले. सॉरी गं.’

घड्याळाचं वाचून वैशाली कपाळावर हात मारून हसायलाच लागली. तिच्या गावाला थेट जाणारी शेवटची एसटी साडेसहाची होती! ती चुकली असती, तर रात्री कुठं जाणार? पण हे तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं, ‘उगाच गावंढळ वाटेल’ म्हणून. आणि तिकडे ते गृहस्थ समजून बसले, की हिला आपण नकोसे झालो. दोघंही स्वतःविषयी कमीच अंदाज करत बसलेले.

मुलाचं वाचताना मात्र तिचा आवाज फुटला. “माझ्या लेकराला बघितलंसुद्धा नाही आणि भीती कसली वाटते?” तिला थोडा वेळ रडू दिलं. मग आम्ही ते वाक्य पुन्हा वाचलं. मुलगा नको, असं ते म्हणाले नव्हते. आपल्याला जमेल का, असं म्हणाले होते. भीती त्यांच्या स्वतःविषयीची होती. एखादा पुरुष ही गोष्ट आधीच बोलून दाखवतो, हे लग्नानंतर कळण्यापेक्षा किती बरं! अर्थात तो होकार नव्हता. नकारही नव्हता.

असं उत्तर वाचताना मी दोन गोष्टी बघते. त्यात भेटीतला एखादा तपशील आहे का? ‘स्वभाव चांगला आहे, घरंदाज आहे’ हे न भेटताही म्हणता येतं. शाळेतल्या पावसाची गंमत आठवून घरी हसलेला माणूस मनापासून ऐकत होता, हे नक्की. आणि दुसरं, पुढे काही विचारलंय का? पुन्हा कधी येणार, नंबर देऊ का, असं काहीही. नुसतं ‘छान वाटलं’, त्यापुढे ‘सध्या कामाचा ताण आहे’ आणि त्यापुढे काही नाही, असं असेल तर तो नकार समजावा आणि आणखी विचारत बसू नये. एकदा नीट विचारलं, एकदा उत्तर मिळालं, की पुरे. तिसऱ्यांदा विचारलं, तर मैत्रीण आपला फोन घ्यायचं टाळायला लागेल.

वैशालीनं मेघनाला त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. हे तिनं स्वतः लिहिलं, मी एक शब्दही बदलला नाही. ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. घड्याळाचं एवढं त्यांना सांग, की साडेसहाची गाडी शेवटची होती. मुलाच्या बाबतीत मी त्यांना घाई करणार नाही. पण त्याला बाजूला ठेवून मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही. हे वाक्य जसंच्या तसं सांगितलंस तरी चालेल.’

इथं मला मध्येच एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण प्रत्येक वेळी असा मेसेज लिहायचाच असं नाही. पुण्याला नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची आमच्याच गावातली एक मुलगी. ऑफिसातल्या मैत्रिणीनं अशीच भेट ठरवलेली. त्या मुलानं पहिल्या दहा मिनिटांत पगार विचारला, आणि निघताना ‘मी गाडीवरून रूमपर्यंत सोडतो’ म्हणून नको म्हटलं तरी पाठ सोडेना. हिला अस्वस्थ वाटलं. तरी रात्री ही मैत्रिणीला काय लिहितेय, तर ‘त्यांना कसं वाटलं गं?’ सवयच तशी ना आपली! स्वतःला काय वाटलं ते बाजूला आणि समोरच्याला आवडलो का, ते आधी. तिच्या आईनं मला फोन केला तेव्हा मी सांगितलं, इथं प्रश्न नकोच. मैत्रिणीला सरळ लिहायचं, ‘मला त्याच्याबरोबर सुरक्षित वाटलं नाही, हे हे घडलं, पुढे मला भेटायचं नाही आणि माझा पत्ता त्याला देऊ नकोस.’ मैत्रिणीनं तो मुलगा उद्या आणखी कुणाला सुचवू नये, यासाठीही हे तिला कळायला हवं.

वैशालीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. गाडीचा निरोप पोचला. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा स्वतःचा फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, ‘अहो, सांगायचं ना, मी स्टँडवर सोडलं असतं!’ दोन-तीनदा फोनवर बोलले, आणखी एकदा भेटले. त्या भेटीत मुलाविषयी स्पष्ट बोलणं झालं. त्यानंतर आठवड्यानं त्यांनी वैशालीलाच फोन करून सांगितलं, की मला अजून धीर होत नाही, आणि तुम्हाला ताटकळत ठेवणं बरोबर नाही. म्हणजे शेवटी नाहीच जमलं. वैशालीला वाईट वाटलं, तिच्या मेसेजप्रमाणे दोन दिवसांपेक्षा जरा जास्तच. पण केंद्रात आली तेव्हा म्हणाली, “ताई, पहिल्या वेळी घटस्फोटाच्या आधी तीन वर्षं माझ्याशी कुणी खरं बोललं नव्हतं. यांनी एका महिन्यात सांगितलं.”

मेघना तिच्यासाठी अजून स्थळं बघते. गेल्या महिन्यात तिनं आणखी एका गृहस्थांचा विषय काढला. पण या वेळी वैशालीला काही सांगायच्या आधीच तिनं त्यांना विचारून घेतलं, ‘तिला आठ वर्षांचा मुलगा आहे, तुम्ही त्याचा विचार केलाय का?’ ते म्हणाले, ‘माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तुमच्या मैत्रिणीनं तिचा विचार केलाय का?’ मेघनानं हा प्रश्न वैशालीला जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवला. वैशालीनं उत्तराला शनिवारपर्यंत वेळ मागून घेतलाय.